लोफोटेनला रात्र होतच नाही, मग झोपायचं कधी?

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर साधारण 28 मे ते 14 जुलै सूर्य मावळत नाही. हे वाचल्यावर नवरा जाम खुश, म्हणे 24 तास फिरू, पैसे वसूल. तर तसं नसतं. उजेड 24 तास असतो, बाकी काहीच 24 तास नसतं. रेस्टॉरंटचं किचन नऊ-दहाला बंद होतं, मोठी सुपरमार्केट रविवारी बहुतेक बंद, आणि आपण डोंगर उतरून रात्री साडेदहाला खाली येतो तेव्हा ऊन आपल्याकडच्या पाच वाजल्यासारखं. भूक लागलेली आणि खायला काय, तर पेट्रोल पंपावरचा हॉट डॉग. सासूबाई शाकाहारी, त्यामुळे गाडीत थेपले आणि मेतकूट कायम होतं, त्यावर निभावलं.

पण खरी गंमत झोपेची. नॉर्वेचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास. त्यामुळे पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसातलाच सगळे पेंगायला लागलो (आपल्याकडचे अकरा ना), आणि मध्यरात्री अडीचला टक्क जाग, बाहेर लख्ख उजेड, सासूबाई आंघोळीच्या तयारीत! आता इथे असं होतं की संध्याकाळी उशिरा डोळ्यांवर उजेड पडत राहिला की मेंदू झोप आणणारं मेलाटोनिन सोडायला उशीर करतो आणि शरीराची झोपायची वेळ पुढे ढकलली जाते. भारतातून जाणाऱ्याला सुरुवातीला नेमकं हेच हवं असतं, त्यामुळे जेट लॅग पटकन गेला. पण ते ढकलणं तिथे थांबत नाही ना, कारण अंधार करून "आता पुरे" सांगणारं कुणी नाही. झोप साडेअकराची बाराला, मग एकला, मग दोनला. त्यात भर म्हणजे उशिरापर्यंत पडदे लावून झोपलं की ती वेळ परत मागे ओढणारा सकाळचा उजेडही चुकतो. नवऱ्याचं हेच झालं, पठ्ठ्या नाश्त्याला दिसायचाच बंद झाला, आणि चेकआऊट अकराला म्हणजे अकरालाच.

आमच्या केबिनमध्ये माळ्यावर झोपायचं होतं आणि बरोबर उशीवर छताची खिडकी. पडदा होता, पण इतका पातळ की त्यातून समोरचा डोंगर दिसायचा. शेवटी थेपले गुंडाळलेली फॉईल कामी आली. काचेवर आतून पाण्याचा हात फिरवायचा, त्यावर फॉईल दाबून हाताने हवा काढायची, चिकटते मस्त, आणि निघताना सोलून काढली की काच स्वच्छ. साधा सपाट आय मास्क घेऊ नका, नाकाजवळून उजेड येतो, वाटीसारखा फुगीर मिळतो तो घ्या. साडेनऊनंतर बाहेर असलो की मी गॉगल घालायचे आणि सकाळी आठला काही झालं तरी बाहेर अर्धा तास चालायचे, एवढ्याने माझी झोप बारापर्यंत आली, त्यापलीकडे सरकली नाही.

आता मध्यरात्रीचा सूर्य बघायचा प्लॅन. सूर्य दिवसभरात आकाशाला पूर्ण फेरी मारतो, दुपारी दक्षिणेला आणि मध्यरात्री बरोबर उत्तरेला. म्हणजे उत्तरेला डोंगर असेल तर 24 तास सूर्य असूनही तुम्ही सावलीत! रेने, नुसफ्योर्डसारखी फोटोंमधली गावं बेटांच्या दक्षिण अंगाला, पाठीशी उंच डोंगर, तिथे रात्री उजेड असतो पण सूर्याचा गोळा दिसत नाही. त्यासाठी एगुम किंवा उट्टाक्लेव्हसारखा उघड्या समुद्राकडे तोंड असलेला किनारा लागतो.

आम्ही उट्टाक्लेव्ह निवडलं, हाउक्लान्ड बीचवरून छोट्या बोगद्यातून पलीकडे गेलं की लगेच. दुपारी yr.no या हवामानाच्या साइटवर तासातासाचे ढग बघितले, रात्री मोकळं दाखवत होतं, मग सहाला जेवून सगळ्यांनी सक्तीने अडीच तास झोप काढली आणि साडेअकराला निघालो. बारा वाजले की लोक फोटो काढून परत फिरतात, पण सूर्य सगळ्यात खाली येतो तो एक वाजून पाच-दहा मिनिटांनी, कारण उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं. जूनच्या शेवटी तेव्हाही तो क्षितिजाच्या वर साधारण दीड अंश, म्हणजे एकावर एक तीन सूर्य रचले तर तेवढाच. टेकत नाही, आडवा सरकत राहतो आणि ते सोनेरी ऊन तासन् तास टिकतं, त्यामुळे फोटोंची घाई नसते. एकच्या सुमाराला पार्किंग निम्मं रिकामं झालेलं, मेंढ्या मात्र जाग्या.

एकच सांगते, परतीचं ड्रायव्हिंग झोप झालेल्याने करा. उजेडामुळे डोळ्यांना थकवा कळत नाही आणि मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात. आणि लहान मुलं असतील किंवा तुमची झोप आधीच नाजूक असेल तर सरळ ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा, तेव्हा रात्री बऱ्यापैकी अंधार पडतो.