दादा टाइप करतोय

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

दादाचा 'हॅलो' आला आणि मी फोन हातात घेईपर्यंत गेलासुद्धा. वरून पट्टी उतरली तेव्हा शब्द स्वच्छ वाचला होता, चॅट उघडलं तर तिथे संदेश पुसल्याची ती राखाडी ओळ. मग नावाखाली 'टायपिंग'. मग नुसतं 'ऑनलाइन'. मग पुन्हा 'टायपिंग', पुन्हा काही नाही. दुधाचं पातेलं ओट्यावर तसंच राहिलं.

दिवाळीनंतर पहिल्यांदा. आणि तेही हॅलो! आमच्या घरात कोण कुणाला हॅलो म्हणतं? 'अगं ए' आणि 'काय रे' यावर आख्खा जन्म निघाला आमचा. हॅलो म्हणजे शिष्टाई झाली. वकिलाने सांगितल्यासारखी. (वहिनीने सांगितलं असेल. असो.)

पण मला लागलं ते हॅलोचं नाही, पुसण्याचं. माझ्याशी बोलताना याला खाडाखोड कशाला करावी लागते?

ही 'टायपिंग'ची पाटी म्हणजे माझं पोटापाण्याचं काम. सात-आठ लोकांची आमची टीम, लोकांच्या वेबसाइटच्या कोपऱ्यात बसतो तो चॅटचा डबा आम्ही बनवतो आणि तो मी तपासते. त्यामुळे ते तीन ठिपके नेमके कशाने पेटतात नि कशाने विझतात हे मला झोपेतही सांगता येईल. पहिली कळ दाबली की समोरच्याला एक छोटासा निरोप जातो, `composing`. त्यात मजकूर नसतो, अक्षरं किती तेही नसतं. हात चालू असेपर्यंत दर काही सेकंदांनी तोच निरोप पुन्हा. हात थांबला की थोडी वाट बघून `paused`. आणि हा `paused` वाटेत हरवला, बिचाऱ्याची रेंज गेली, तर ठिपके जन्मभर नाचत बसू नयेत म्हणून बघणाऱ्याच्या बाजूलाही एक टायमर असतो. तो संपला की ठिपके आपोआप बंद. टेलिग्रामवर बॉटने 'टायपिंग' दाखवलं तर ते फार तर ५ सेकंद टिकतं, पुढे हवं असेल तर पुन्हा पाठवा.

म्हणजे ठिपक्यांना कळतं ते इतकंच, की बोटं हलली. पुढे सरकली की मागे, हे कळत नाही. खोडायची कळही कळच.

हे सगळं ठाऊक असून मी ओट्याला टेकून दादाचे ठिपके वाचत होते. बायका हात बघतात ना ज्योतिषाकडे, तसे.

आमच्या डब्यात मात्र एक खूण सापडते. लिहिता लिहिता माणूस थांबला तर ठिपके चार-पाच सेकंद रेंगाळून जातात. पण लिहिलेलं सगळं पुसलं, चौकट रिकामी झाली, की ते तत्क्षणी विझतात, कारण रिकाम्या चौकटीत कोणी 'लिहितंय' असं दाखवायचं कशाला, असं आम्हीच कधीतरी मीटिंगमध्ये ठरवलं. त्यामुळे सावकाश विझले तर माणूस विचार करतोय किंवा फोन ठेवून पाणी प्यायला गेलाय. फटकन विझले तर खोडलंय. व्हॉट्सॲपचं आतलं गणित मला दिसत नाही, तिथे असंच असेल असं नाही. तरी मी ते लावलंच. दादाचे फटकन विझत होते. पेटले, जेमतेम एक शब्द होईल इतके, आणि विझले. पुन्हा पेटले, तेवढेच.

हॅलो. खोड. हॅलो. खोड.

इतकी अवघड झाले मी?

कॉलेजात युनिक्सच्या लॅबमध्ये `talk` होतं. पलीकडच्या टर्मिनलवर कोण बसलंय त्याचं लॉगिन द्यायचं, त्याने होकार दिला की पडद्याचे आडवे दोन भाग. वर आपण लिहिलेलं, खाली त्याने. आणि पाठवायची भानगडच नाही, अक्षर दाबलं की अक्षर तिकडे उमटलं. चुकलं, मागे आला, पुन्हा लिहिलं, सगळं डोळ्यांदेखत. 'तू' लिहून 'तुम्ही' केलेलंही दिसायचं (रोमनमध्ये अर्थात). तिकडे कोण असायचं ते इथे नको. पण तिथे कधी वाट बघावी लागली नाही, कारण खोडलेला शब्दही बोलण्यातच जमा असायचा. आताची तऱ्हा अशी, की माणूस अडखळतोय इतकंच आपल्याला दाखवायचं आणि कशावर ते झाकून ठेवायचं. हे ज्याला सुचलं त्याला भाऊबहीण नसावेत.

मग माझ्या लक्षात आलं की दादालाही माझ्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसतंय. त्याचं 'टायपिंग' मला दिसायचं तर मला ॲपमध्ये उभं राहावं लागतं, आणि मी उभी आहे तोवर त्याला माहीत की ही बघतेय. पुसलेल्याची ओळ मी पाहिली हेही त्याला माहीत. 'लास्ट सीन' लपवता येतं, 'ऑनलाइन'ही लपवता येतं, टायपिंग लपवायची सोयच नाही. म्हणजे तो लिहितोय माझ्या नजरेखाली, लहानपणी बाबा पाढे लिहून घ्यायचे आणि मागे उभे राहायचे तसा. सातचा पाढा त्याचा तेव्हाही तिथेच अडकायचा.

उत्तर तर द्यायला हवं. पण कशाला? आलेलं असं काहीच नाही.

'बोल' लिहून पाहिलं. हुकूम वाटला. आणि मी ते खोडलं तेव्हा जाणवलं, की आता माझेही ठिपके त्याला दिसले असणार. नुसतं प्रश्नचिन्ह म्हणजे भांडणच. 'काय खोडलंस' हे तर चोर पकडल्यासारखं, त्यावर माणूस 'काही नाही, चुकून गेलं' एवढंच म्हणू शकतो आणि मग ते खरं धरून बसावं लागतं. फोन लावायचा? साडेअकराला माझा फोन गेला तर तिकडे आधी आईच्या तब्येतीने धस्स व्हायचं. आणि जो बोलू शकत नाही म्हणून लिहितोय त्याच्या कानात जाऊन आपण काय करणार?

मनातलं सगळं लिहून टाकावं हाही मोह झाला. दिवाळीपासूनचं. चांगलं लांबलचक. पण तो काहीतरी अर्धवट लिहून बसलाय आणि त्यावर माझं एवढं येऊन आदळलं, की त्याचं शिळं झालं. त्याला माझं वाचून आपलं पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागणार. म्हणजे आणखी एक खोड, आणि ती माझ्या हिशेबात. चॅटवर मदत मागायला आलेल्या गिऱ्हाइकांचं रोज बघते मी. माणूस तक्रार लिहीत असतो, तेवढ्यात आमच्याकडून 'मी आपली काय मदत करू शकते' जातं, आणि तो लिहिलेलं टाकून 'हो' एवढंच म्हणतो. सांगायचं ते राहूनच जातं.

म्हणून शेवटी लहानच लिहिलं. विषय नाही, हॅलोला हॅलो नाही, खोडल्याचा उल्लेख नाही. 'जागी आहे रे. दूध आत ठेवते आणि झोपते. सकाळी लिहिलंस तरी चालेल.' आणि चॅटमधून बाहेर पडले, ॲपमधूनही. हे दुसरं जास्त महत्त्वाचं असावं. त्याच्या वरचं 'ऑनलाइन' गेल्याशिवाय तो मोकळा कसा होणार?

जमलं का, माहीत नाही. डोळा लागत नाहीये म्हणून हे लिहितेय. याच्या आधी किती वेळा मीच पहिली बोलले, आता निदान एवढा एक हॅलो त्याने धडपणे... जाऊ दे.

बुधवार, दुपार

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी:

'हॅलो. आईचं आधार तुझ्याकडे आहे का. बँकेत केवायसी मागतायत. रात्री मराठी कीबोर्ड जात होता सारखा.'

कीबोर्ड.

म्हणजे हॅलो रोमनमध्ये उमटत होतं, साहेब ते पुसून देवनागरीत आणायला बघत होते, कीबोर्ड बदलायचा तो गोल कुठेतरी चुकून दाबला जात होता आणि पुन्हा रोमन. याची बोटं आधीच कांडणाची. फटकन विझणारे ठिपके, हॅलो, खोड, हॅलो, खोड. निदान बिनचूक. ज्योतिष सपशेल आपटलं.

खूप हसले. एकटीच. मग हसताना वाटलं, केवायसीसाठी माणूस रात्री साडेअकराला मेसेज करत नाही. आणि केवायसीचं विचारायला हॅलो देवनागरीतच हवा, असंही काही नसतं. पण हे मी त्याला विचारणार नाही. कीबोर्ड म्हणतोय तर कीबोर्ड.

आधारचा फोटो काढून पाठवला, दोन्ही बाजू. 'मूळ लागलं तर रविवारी घेऊन येते' असंही लिहिलं. त्यावर बराच वेळ टायपिंग, सावकाश विझणारं. मी बसस्टॉपवर होते, फोन पर्समध्ये टाकला. उतरल्यावर पाहिलं तर 'ये. जेवायलाच ये.' वहिनीने सांगितलं असेल. पण लिहिलं त्यानेच, 'जेवायलाच'मधला तो 'च' माझ्या भावाचा आहे.

ऑफिसात सकाळच्या मीटिंगला मी एक तिकीट टाकलं. चौकट रिकामी झाली की ठिपके लगेच विझवायचे नाहीत, `paused`च्या वेळेइतके, चार-पाच सेकंद, रेंगाळू द्यायचे. म्हणजे खोडलं की थांबला, हे समोरच्याला ओळखता येणार नाही. कोणी काय पुसलं ही ज्याची त्याची गोष्ट. टीममधला पोरगा म्हणाला, मॅम, पण ही तर चुकीची माहिती झाली, चौकट रिकामी आहे ना. मी म्हटलं, बाळा, तुला बहीण आहे का? एकुलता एक निघाला. तिकीट घेतलं त्याने, प्रायॉरिटी लो लावून. मी ती मीडियम केली.