भिजवलेल्या साबुदाण्याचा हिशोब

दादरला आमचं मराठी पदार्थांचं हॉटेल आहे आणि तिथलं कोरड्या मालाचं स्टोअर माझ्या ताब्यात. २०२५ च्या ऑगस्टमधली अंगारकी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी आमच्याकडे आधी साबुदाणा नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत तो नको इतका झाला होता.

प्रत्येक जिनसाला दोन आकडे ठरलेले असतात. साठा ज्या आकड्याला टेकला की ऑर्डर जायलाच हवी, तो रीऑर्डरचा. माल आल्यावर ज्याच्या वर साठा जाऊ द्यायचा नाही, तो पार. साध्या दिवशी साबुदाणा ८ किलो लागतो. माल वाशीहून येतो. दुपारी बाराच्या आत ऑर्डर दिली तर टेम्पो दुसऱ्या दिवशी तीन-साडेतीनला लागतो, रविवारी येत नाही. म्हणून दोन दिवसांचे १६ आणि हाताशी ८ असा २४ चा रीऑर्डर धरला होता. गोणी ५० किलोची, ती येईपर्यंत आठ-दहा किलो उरलेला असतो, म्हणून पार ६०. वर्षातले बहुतेक दिवस हे आकडे चोख चालतात.

शनिवारी, ९ तारखेला, रात्री रविवारचा साबुदाणा भिजायला दिल्यावर ३४ किलो शिल्लक राहिला. २४ च्या वर, म्हणून मी वही मिटली. रविवारी रात्री श्रावणी सोमवारसाठी २० किलो भिजत घातला, उरला १४. सोमवारी सकाळी ऑर्डर दिली, म्हणजे टेम्पो मंगळवारी दुपारी. आणि मंगळवारी अंगारकी. सिद्धिविनायकाहून परतणारी निम्मी गर्दी आमच्याकडे उतरते, त्या दिवशी ३५ किलो लागतो.

सोमवारी रात्री आठला आचारीकाका पातेलं घेऊन दारात उभे राहिले. "पस्तीस काढा." मी पिंपात हात घातला आणि तिथेच थांबलो.

शेजारच्या तीन दुकानांतून अर्ध्या अर्ध्या किलोच्या पुड्या मिळून १२ किलो जमवला. पण त्यात बारीक दाणा होता, मोठा होता, आणि काकांनी तो एकाच पातेल्यात भिजवला. सकाळी बारीक दाणा बोटाखाली पीठ होत होता आणि मोठ्याच्या पोटात पांढरा टिपका कडकच. खिचडीत तो चालला नाही, बटाटा जास्त घालून वड्यांत संपवला. वेगवेगळा भिजवायला हवा होता, काकांनाही ते ठाऊक आहे, पण रात्री त्यांना वेळ नव्हता आणि मी बोललो नाही.

साडेअकराला खिचडी संपली. पहाटेपासून रांगेत उभ्या राहिलेल्या एक आजी ताक पिऊन गेल्या. साडेतीनला ५० किलोची गोणी उतरली. तिचा तेव्हा काय उपयोग? साबुदाणा भिजायला चार-पाच तास जातात. तांदूळ संपला तर माणूस पळवून भात लावता येतो, साबुदाणा संपल्याचं कळतं तेव्हा वेळ गेलेली असते.

मॅनेजरांनी लगेच बिलांच्या मशीनवरून सरासरी काढली आणि म्हणाले, कायम दीडशे किलो ठेवा. मी ठाम नाही म्हटलं. मशीनवर मंगळवारची विक्री मंगळवारीच दिसते, पण तो माल माझ्या स्टोअरमधून सोमवारी रात्री गेलेला असतो. आणि पावसाळ्यात माल साठवला की काय होतं हे मी त्याच महिन्यात भोगलं होतं. श्रावणासाठी म्हणून मागवलेल्या शेंगदाण्यांची एक गोणी खवट निघाली. बाहेरून काही दिसत नव्हतं, कूट केल्यावर वास आला.

मी शनिवारची सकाळ पुन्हा मांडली. तेव्हा हातात ४२ किलो होता. शनिवारी रात्री ८, रविवारी २०, सोमवारी ३५, म्हणजे ६३ किलो भिजणार होता. सरळ २१ चा तुटवडा, आणि रात्री दुकानांतून गोळा करूनही तो पुरा भरला नाही. बाराच्या आत ऑर्डर गेली असती तर टेम्पो सोमवारी दुपारी आला असता, भिजवण्याच्या चार-पाच तास आधी. पावसात टेम्पो रखडतो हे धरलं तर शुक्रवारीच द्यायला हवी होती. २४ हा आकडा साध्या आठवड्याचा होता, मी तो अंगारकीच्या आठवड्यात वापरला.

आता वहीत 'भिजत' असा वेगळा रकाना आहे. रोज सकाळी ऑर्डरच्या आधी, आज ऑर्डर दिली नाही तर पुढच्या ऑर्डरचा माल उतरेपर्यंत कोणत्या रात्री किती भिजणार याची बेरीज मी कॅलेंडर समोर ठेवून करतो, वर ८ धरतो, आणि साठा त्याहून कमी असेल तर ऑर्डर देतो. मिसळीच्या वाटाण्यालाही तेच लावलं. पार साध्या दिवसांना ६०च. चतुर्थी-एकादशीच्या आठवड्यात एक गोणी जास्त, आणि ती त्याच आठवड्यात संपवायची.

हाताशी ८ किलो पुरतात का, यावर मॅनेजरांचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. जोराचा पाऊस लागून टेम्पो दोन दिवस अडकला तर ते पुरणार नाहीत, हे मलाही दिसतं. मी १६ करायला तयार आहे. ते ५० वर अडले आहेत.