तुम्ही विचारलंत म्हणून: भांगातली पट्टी

"ताई, तुम्ही पार्लरला दोन-अडीच महिन्यांनी जाता म्हणता, मग मधल्या काळात भांगात पांढरं दिसत कसं नाही? मी घरी लावलं की पट्टा पडतो. शेड कोणता घेता?"

मलाही पडायचा हो. तीन वर्षांपूर्वी सकाळी अंबाझरीला फिरताना माझ्या मैत्रिणीने मागून हाक मारून विचारलं, "अवं, तुझ्या डोक्यावर काळा पट्टा काऊन दिसून राहिला?" आणि मी तर आदल्याच दिवशी खुश होऊन रंग लावून बसले होते, बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली मस्त दिसत होतं सगळं. उन्हात आल्यावर कळलं की मुळाशी तपकिरी, मग दोन बोटं कुळकुळीत काळा, आणि खाली परत पार्लरचा ब्राऊन, म्हणजे एका केसात तीन रंग.

तेव्हा समजलं की पांढऱ्या मुळांची रेषा वेगळी आणि आपण स्वतः करून ठेवतो ती रेषा वेगळी. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे सहा आठवड्यांनी रंगवायचा भाग फक्त दीडेक सेंटीमीटर असतो. पण आपण ब्रश घेऊन चांगला चार-पाच सेंटीमीटर खाली ओढत नेतो. आधीच रंगवलेल्या केसावर परत रंग बसला की तो तिथे गडद होतो, आणि दर वेळी तेच केलं की थरावर थर चढत जातो. काळा पट्टा येतो तो असा. वाईट म्हणजे रंगाने रंग उजळत नाही, म्हणजे वरून फिका शेड लावून तो पट्टा जाईल असं वाटत असेल तर नाही जात. माझा पार्लरवालीने दोन बैठकांत काढला आणि वर बोलणीही खावी लागली.

आता शेड. ट्यूबवर किंवा डब्यावर नंबर असतो तो बघा, पुढचा फोटो बघू नका. टिंबाच्या आधीचा आकडा म्हणजे किती गडद: 1 काळा, 3 डार्क ब्राऊन, 4 ब्राऊन, 5 लाइट ब्राऊन. टिंबानंतरचा म्हणजे छटा, 5.3 म्हणजे सोनेरीकडे झुकणारा, 5.0 म्हणजे साधा. पार्लरवालीला सरळ विचारा कुठला नंबर लावता, लाजायचं काय त्यात, माझी तर लिहून देते.

पण तोच नंबर डोळे मिटून घेऊ नका, कारण सहा आठवड्यांत खालचा रंग फिका झालेला असतो. माझा पार्लरचा नंबर 4, पण धुऊन धुऊन आणि आपल्या नागपूरच्या उन्हाने तो 5 सारखा दिसायला लागतो. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात केसांची एक बट पुढे घेऊन बघा ती आज कशी दिसतेय, आणि जुळवायचं तिच्याशी.

माझ्या मुळाशी अर्धे पांढरे, अर्धे काळे. मी 5.0 लावते, रंगात मिसळायचा जो डेव्हलपर असतो तो 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्केवाला घेऊन. पांढरे केस होतात लाइट ब्राऊन, काळे फक्त थोडेसे उघडतात, आणि दोन्ही मिळून लांबून ब्राऊनच दिसतं. सगळंच एका गडद रंगात बुडवलं असतं तर टोपी घातल्यासारखं दिसलं असतं. ज्यांचे जवळजवळ सगळेच पांढरे झालेत त्यांना ही काळ्याची मदत मिळत नाही, त्यांनी आपल्या केसांच्या आजच्या रंगाशी बरोबर जुळणारा घ्यावा. आणि मुद्दाम सांगते, पांढऱ्यावर नुसता 5.3 लावू नका, पांढऱ्या केसात स्वतःचा रंग नसतो त्यामुळे सोनेरी छटा उठून येते आणि मूळ नारिंगी दिसतं (संत्र्याचं शहर आहे, पण डोक्यावर नको). सोनेरी हवाच असेल तर अर्धा 5.0 आणि अर्धा 5.3. दोन शेडमध्ये अडलात तर फिका घ्या, तो पुढच्या वेळी गडद करता येतो, उलटं होत नाही.

लावायचं किती तर फारच थोडं. मी 20 ग्रॅम ट्यूब आणि 20 मिली डेव्हलपर घेते, काही ब्रँडमध्ये डेव्हलपर दीडपट लागतो ते आत लिहिलेलं असतं. वाटी काचेची किंवा प्लास्टिकची, स्टीलची नको. उरलेलं ठेवायचं नाही, फेकायचं. मागचं डोकं मी घरी रंगवतच नाही, ते केसाखाली झाकलेलं असतं आणि आपल्याला दिसतही नाही, तिथेच तर ओव्हरलॅप होतो. घरी फक्त भांग, कानशिलं आणि कपाळाची कड.

कोरड्या, आदल्या दिवशी धुतलेल्या केसांवर करते, कपाळाला व्हॅसलिन. आधी कानशिलं, कारण तिथले पांढरे केस हट्टी असतात आणि त्यांना जास्त वेळ हवा, तिथे रंग जाडसर थापायचा. मग शेपटीच्या कंगव्याने अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरच्या बटा काढत भांगाच्या दोन्ही बाजूंना. ब्रश आडवा नाही, उभ्या टोकाने, आणि जुना रंग सुरू होतो त्याच्या दोनेक मिलिमीटर आधीच थांबायचं, रंग आपोआप तेवढा पसरतो. हे एवढंसं अंतर सोडायला मला तीन-चार वेळा लागले, हात सारखा खाली जायचा.

वेळ शेवटची बट लावून झाल्यावर मोजायची, साधारण 30-35 मिनिटं, डब्यावर असेल तितकी. आणि मे महिन्यात एक चूक सगळ्याच करतात, रंग लावून कूलरसमोर बसतात. कूलरच्या वाऱ्याने रंग वाळतो, आणि वाळला की त्याचं काम थांबतं, मग कानशिलं पांढरीच राहतात आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. सकाळी सातला करा, पंख्यापासून बाजूला. शंका असली तर कानशिलावरची एक बट ओल्या कापसाने पुसून बघा, अजून राखाडी दिसली तर पाच मिनिटं थांबा.

शेवटच्या पाच मिनिटांत हातमोजे घातलेल्या बोटांवर थोडं पाणी घेऊन मुळाशी चोळते आणि तोच पातळ झालेला रंग बोटानेच जेमतेम तीन सेंटीमीटर खाली ओढते, कंगवा नाही. सीमा पुसट होते ती इथे. पण खालचा रंग फिका झालेला असेल तरच, नुकतंच पार्लर करून आला असाल तर हे करायचं नाही. धुऊन झाल्यावर भांग सरळ न पाडता नागमोडी पाडायचा, राहिलेलं त्यात लपतं.

अ‍ॅलर्जीची टेस्ट दर नव्या डब्याला, 48 तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला. मेंदीवाल्यांनीही, बऱ्याच "काळ्या मेंदी"त डायमधलंच पीपीडी नावाचं अ‍ॅलर्जी करणारं रसायन असतं.

आणि लावून झाल्यावर गडद वाटलंच तर त्याच दोन-तीन दिवसांत साध्या, जरा कडक शाम्पूने दोन-तीनदा धुवा, थोडं उतरतं. नंतर नाही उतरत, मग पार्लर. मागच्या महिन्यात लग्नाच्या आदल्या रात्री माझ्या वहिनीने बारा वाजता फोन करून विचारलं की आता लावू का, तर मी म्हटलं टच-अप पावडर मार भांगात आणि झोप.