आळीपाळीने उचललं, तरी वाटणी सारखी का होत नाही?

"दोघं आळीपाळीनेच खेळणी उचलतात, कुणी फसवत नाही. तरी धाकटी दर वेळी रडते. हट्टीपणाच ना?"

नाही, तिचा हिशेब बरोबर आहे.

समजा आठ खेळणी आहेत आणि दोघांची आवड एकच. सगळ्यात लाडक्या खेळण्याला ८ गुण, मग ७, ६ असं करत शेवटच्याला १. दादा पहिला. तो ८ उचलतो, छोटी ७. तो ६, ती ५. तो ४, ती ३. तो २, ती १. दादाचे झाले २० आणि छोटीचे १६. दर फेरीत तो एकाच गुणाने पुढे असतो, पण चारही फेऱ्यांत पुढे तोच, म्हणून फरक साचत जातो. नाणं उडवून पहिला कोण ते ठरवलं, तर नाणं उडेपर्यंत संधी सारखी असते. नंतर चार गुणांची तफावत आहे तिथेच.

उपाय सोपा आहे: दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करायचा. दादा, छोटी, छोटी, दादा. पुढची चार उचलताना ही चौकडीच उलटी: छोटी, दादा, दादा, छोटी. आता दादाकडे ८, ५, ३, २ आणि छोटीकडे ७, ६, ४, १. दोघांचे १८. पहिलीच चौकडी पुन्हा चालवली तरी या आकड्यांत बेरीज जुळते. पण वरच्या खेळण्यांमध्ये अंतर जास्त असेल, तर दोन्ही चौकड्या सुरू करणाऱ्याचं थोडं फावतं. म्हणून तीही उलटायची. गणितात याला थ्यू-मॉर्स क्रम म्हणतात.

पण एकच खेळणं सगळ्यांना पुरून उरणारं असेल, तर हाही क्रम कमी पडतो. रिमोटच्या गाडीला २० आणि बाकीच्यांना ७ ते १ द्या. वरच्याच क्रमाने दादाचे ३० होतात, छोटीचे १८. इथे गाडी घेणाऱ्याने थांबायचं आणि दुसरीने सलग चार उचलायची: ७, ६, ५, ४. मग दादा ३, छोटी २, दादा १. दोघांचे २४. दादाकडे खेळणी तीन, तिच्याकडे पाच, आणि मोजणाऱ्या आजीला हे पटणं जरा कठीणच!

आवडी वेगळ्या असतील तर साधी आळीपाळीही बहुतेकदा खपून जाते. मात्र मोठी भावंडं तिथे लबाडी शिकतात: धाकट्याला नको असलेलं आपलं लाडकं खेळणं मुद्दाम शेवटी उचलायचं आणि आधी त्याच्या आवडीचं पळवायचं.

घरी गुण कोण मांडत बसणार? त्यापेक्षा दादाला क्रम लिहायला सांगा, कितीही वाकडा चालेल. मात्र पहिलं कोण आणि दुसरं कोण, हे छोटी निवडणार. दोन्ही जागा सारख्याच वाटतील असा क्रम लागेपर्यंत तो स्वतःच खाडाखोड करत बसतो.