आयपी लगेच पक्का झाला, दमवलं ते डीएनएस रेकॉर्डने

आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची गूगल क्लाउडच्या मुंबई रीजनमधल्या, म्हणजे asia-south1 मधल्या, एका छोट्या व्हर्च्युअल मशीनवर चालते. ती उभी केली होती आधीच्या एका एजन्सीने; माझ्याकडे ती नंतर आली. मशीनची मेमरी वाढवायची म्हणून ती स्टॉप केली, साइज बदलला, पुन्हा स्टार्ट केली. मशीन छान चालू झाली, पण साइट उघडेना. कन्सोलमध्ये पाहिलं तर एक्स्टर्नल आयपीच्या पुढे Ephemeral, म्हणजे तात्पुरता, असं लिहिलेलं आणि पत्ता नवा. डोमेनचं ए रेकॉर्ड, म्हणजे नाव कोणत्या आयपीवर न्यायचं ते सांगणारी डीएनएसमधली नोंद, अजून जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत होतं.

मशीनच्या आतून sudo reboot केलं तर पत्ता जात नाही. कन्सोलमधून स्टॉप केलं की मात्र तो गूगलच्या साठ्यात परत जातो आणि दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. एजन्सीने तपासणी म्हणून फक्त रीबूट करून पाहिलं असणार, म्हणून त्यांना सगळं ठीक वाटलं. तुम्ही तपासाल तेव्हा स्टॉप-स्टार्ट करूनच तपासा.

गेलेला पत्ता मागून मिळत नाही. म्हणून पहिलं काम हे, की आत्ता हातात असलेला पत्ता आधी पक्का करायचा आणि मगच कोणाला कळवायचा. नाहीतर रेकॉर्ड पुन्हा बदलायची पाळी येते. गूगलकडे चालू मशीनवरचाच पत्ता स्टॅटिक करता येतो. मशीन थांबवावी लागत नाही, चालू असलेली जोडणीही तुटत नाही. कन्सोलमध्ये व्हीपीसी नेटवर्कखाली आयपी ॲड्रेसेसच्या यादीत तो पर्याय आहे. मी कमांडने केलं (इथले पत्ते आणि डोमेन नमुन्याचे आहेत):

```
gcloud compute addresses create granthalay-ip \
  --addresses=203.0.113.25 --region=asia-south1
gcloud compute addresses list
```

यादीत पत्त्यासमोर IN_USE दिसलं की झालं. रीजन मशीनचंच हवं. ग्लोबल पत्ता लोड बॅलन्सरसाठी असतो, तो मशीनला लागत नाही.

इथपर्यंत काहीच त्रास नव्हता. खरा त्रास सुरू झाला तो ज्यांच्याकडून डोमेन घेतलं होतं त्यांच्या ऑफिसात.

डोमेन वाचनालयाच्या नावावर, पण त्यांच्या पॅनेलचं लॉगिन संस्थेला कधी दिलंच नव्हतं. ए रेकॉर्डमधला एक आकडा बदलायला त्यांना लेटरहेडवर कार्यवाहांच्या सहीचा आणि शिक्क्याचा अर्ज हवा होता. तो दिला, सोबत मशीनमधल्या ip addr कमांडचा स्क्रीनशॉटही. मग फोन आला, “सर, मशीनवर स्टॅटिक आयपी सेट केल्याचा स्क्रीनशॉट पाठवा. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तर १०.१६० ने सुरू होणारा पत्ता दिसतोय.” मी समजावून सांगितलं की मशीनला स्वतःचा फक्त आतला पत्ता माहीत असतो, बाहेरचा पत्ता गूगलचं नेटवर्क वरच्या वर जोडून देतं, त्यामुळे ip addr मध्ये तो कधीच दिसणार नाही आणि मशीनच्या आत काही सेट करायचंही नसतं. पटलं नाही. शेवटी कन्सोलमधला Static लिहिलेला स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा अर्ज पुढे सरकला. तुमच्यावर हीच वेळ आली तर तो कन्सोलचा स्क्रीनशॉट पहिल्याच अर्जाला जोडा, आणि आतला पत्ता बाहेरचा करायच्या नादात नेटवर्कची फाइल बदलू नका. त्यात मशीनचं एसएसएच तुटू शकतं.

“रेकॉर्ड अपडेट केलंय” असा मेल आला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. पण कार्यवाहांच्या मोबाइलवर साइट उघडायची, ग्रंथपाल मॅडमच्या संगणकावर सर्टिफिकेटची लाल सूचना यायची. थोड्या वेळाने उलटं व्हायचं. ऑफिसचं उत्तर ठरलेलं: “प्रोपगेशनला वेळ लागतो, थांबा.” थांबलो. जुन्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे मधल्या सर्व्हरांनी उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत, ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस होता, त्यामुळे तेवढं थांबणं रास्तच होतं. पण दिवस उलटून गेला तरी तेच. मग मी मधल्या कोणालाही न विचारता थेट त्यांच्याच नेमसर्व्हरला, म्हणजे जिथे मूळ रेकॉर्ड असतं तिथेच, विचारलं:

```
$ dig +noall +answer A granthalay.example @ns1.example.net
granthalay.example. 86400 IN A 198.51.100.40
granthalay.example. 86400 IN A 203.0.113.25
```

त्यांनी जुनं रेकॉर्ड बदललंच नव्हतं, त्याच्या शेजारी नवं टाकलं होतं. एका नावाला दोन पत्ते असले की कधी हा, कधी तो वापरला जातो. जुन्या पत्त्यावर कोणी उत्तर देत नसतं तर ब्राउझरने थोडं रेंगाळून दुसरा पत्ता धरला असता. पण तो पत्ता एव्हाना दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनकडे गेला होता आणि ती मशीन उत्तर देत होती. म्हणून ग्रंथपालांना परक्या नावाचं सर्टिफिकेट दिसत होतं. आमच्या वाचनालयाचं नाव अनोळखी माणसाच्या मशीनकडे वाचकांना पाठवत होतं, याची मला अजून चीड येते. लेट्स एन्क्रिप्टकडून घेतलेल्या आमच्या सर्टिफिकेटचं नूतनीकरणही याच कारणाने अडलं, कारण तपासणीची विनंती त्या दुसऱ्या मशीनवर जायची आणि तिथे आमची फाइल सापडायची नाही.

हे dig चं उत्तर मी जसंच्या तसं मेलमध्ये टाकलं आणि “पहिली ओळ काढून टाका” एवढंच लिहिलं. त्यावर मात्र काम झालं. कोणी प्रोपगेशनचं नाव काढलं तर आधी असं थेट नेमसर्व्हरला विचारा. तिथेच उत्तर चुकीचं असेल तर कितीही थांबून उपयोग नाही; तिथे बरोबर असेल तरच थांबण्यात अर्थ आहे.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं: पत्ता बदलणार हे आधीच माहीत असेल, तर एक दिवस आधी टीटीएल ३०० वर आणून ठेवा. मग जुना पत्ता लोकांकडे साधारण पाच मिनिटंच टिकतो. ॲमेझॉनवर मशीन असेल तर ही तयारी करावीच लागते, कारण तिथे मशीनला आपोआप मिळालेला पत्ता पक्का करता येत नाही. इलॅस्टिक आयपी वेगळा घ्यावा लागतो, तो जोडला की आधीचा पत्ता जातो, आणि रेकॉर्ड एकदा तरी बदलावंच लागतं.

पैशांचं म्हणाल तर गूगलकडे स्टॅटिक पत्ता नुसता राखून ठेवला आणि कोणत्याही चालू मशीनला जोडला नाही, तर वापरातल्या पत्त्यापेक्षा त्याचा दर जास्त पडतो. मशीन डिलीट केली तरी पत्ता आपल्याच नावावर राहतो आणि बिल येत राहतं. सोडून द्यायचा असेल तर क्रम पाळा: आधी डीएनएसमधलं रेकॉर्ड काढा, टीटीएल उलटू द्या, मग पत्ता रिलीज करा.

सध्या वाचनालयाचे नेमसर्व्हर संस्थेच्या स्वतःच्या खात्यात आणले आहेत आणि लॉगिन कार्यवाहांकडे आहे. त्यानंतर मुद्दाम मशीन स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केली; पत्ता तोच राहिला, साइट लगेच उघडली.