शिफ्ट धरून ठेवू न शकणारा हात

फोंड्याजवळच्या एका गावातून निवृत्त शिक्षकांचा फोन आला, तेव्हा त्यांची तक्रार कीबोर्डबद्दल होती. ते जत्रेतल्या नाटकाची संहिता इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत टंकलिखित करत होते आणि दुकानदाराच्या सल्ल्याने दोन कीबोर्ड बदलूनही अक्षरे चुकीचीच उमटत होती. मी संगणक दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे जाताना तिसरा कीबोर्ड बरोबर नेला होता. तो पिशवीतून बाहेर काढावाच लागला नाही.

सरांनी नांदी टंकायला घेतली आणि पडद्यावर ‘गणपती’ऐवजी ‘गमपती’ आले, ‘बाळ’चे ‘बाल’ झाले, ‘भक्ती’ची ‘बक्ती’ झाली. इनस्क्रिप्टमध्ये ण आणि म एकाच कळीवर असतात व ण हवा असेल तर शिफ्ट दाबून ठेवावी लागते. ळ, भ, ध, थ, श यांचेही तसेच आहे. म्हणजे मराठी लिहिणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक ओळीत शिफ्ट लागतेच. सरांचे हात कापतात आणि डॉक्टरांनी निदान केलेला त्यांचा कंप हात मांडीवर स्वस्थ असताना जवळपास दिसत नाही, काही धरायला गेले की मात्र वाढतो. शिफ्टवर टेकलेली करंगळी दुसऱ्या हाताने अक्षर दाबण्याच्या आतच उचलली जात होती. कीबोर्ड निर्दोष होता.

त्यांच्या विंडोज 10 मध्ये मी स्टिकी कीज सुरू केल्या. आता शिफ्ट एकदा दाबून सोडायची आणि मग अक्षर दाबायचे. ती शिफ्ट पुढच्या एका अक्षरापुरती लागू राहते. ‘गणपती’ पहिल्याच प्रयत्नात नीट आला. दहाएक मिनिटांनी मात्र पुन्हा ‘गमपती’ दिसू लागला आणि सर माझ्याकडे पाहू लागले, तेव्हा मला खरोखर ओशाळल्यासारखे झाले. सेटिंग उघडून पाहिले तर स्टिकी कीज आपोआप बंद झालेल्या होत्या. `Turn off Sticky Keys when two keys are pressed at once` हा पर्याय मुळातच निवडलेला असतो. शिफ्ट अजून सुटलेली नसताना अक्षर दाबले गेले की, ज्याला दोन कळी एकत्र धरता येतात त्याला या सोयीची गरज नाही, असे संगणक धरून चालतो. सरांच्या हातून ते क्वचित आणि नकळत घडत होते. मी तो पर्याय काढला. शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबली तर ती अडकून राहते आणि पुढची सगळी अक्षरे शिफ्टची उमटतात, म्हणून तोही पर्याय काढून टाकला.

शिफ्टचा प्रश्न सुटल्यावर दुसरी अडचण स्पष्ट दिसू लागली. ‘कमल’चे ‘ककमल’ होत होते. विंडोजच्याच फिल्टर कीज या सोयीत नको असलेली अक्षरे टाळण्याचे दोन वेगवेगळे उपाय आहेत आणि कंट्रोल पॅनेलमधल्या त्या खिडकीत त्यांपैकी एकच निवडावा लागतो. स्लो कीजमध्ये कळ ठरावीक वेळ दाबून ठेवली तरच अक्षर उमटते. बोट शेजारच्या कळीला ओझरते लागत असेल तर तो उपाय योग्य. बाउन्स कीज एकदा उमटलेली कळ लगेच पुन्हा दाबली गेली तर तिकडे दुर्लक्ष करतात. कोणता निवडावा हे अंदाजाने ठरवू नये, असे माझे मत आहे. मी सरांना चार ओळी चुका न खोडता टंकायला लावल्या आणि त्या कागदावर छापून दोघांनी मिळून वाचल्या. शेजारचे अक्षर दोनच ठिकाणी आले होते, तेच अक्षर दोनदा मात्र अनेक ठिकाणी. शिवाय ज्यांना कळ धरून ठेवणेच जड जाते, त्यांच्यावर स्लो कीज लादणे म्हणजे तोच त्रास पुन्हा देणे होते. मी बाउन्स कीज निवडल्या आणि वेळ अर्धा सेकंद ठेवली, जी त्या यादीतली सर्वांत कमी आहे.

त्याची किंमतही लगेच कळली. नाटकातल्या नायिकेचे नाव ममता. त्यातला दुसरा ‘म’ उमटेना. चूक खोडताना बॅकस्पेस भराभर दाबली तर एकच अक्षर जाई. हा बिघाड नाही, अर्धा सेकंद थांबून पुन्हा दाबायचे आहे, हे मी समजावत होतो, तेवढ्यात सर म्हणाले, “म्हणजे मधे एक मात्रा सोडायची.” ते पेटी वाजवतात. त्यांनी डाव्या हाताने मेजावर हलकेच ठेका धरला, म, थांबले, म, आणि ‘ममता’ पूर्ण झाली.

निघताना मी शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू-बंद करण्याचा आडमार्गही बंद केला, कारण कापत्या बोटाकडून ते कधीही होऊ शकते. माउसचा प्रश्न मात्र तसाच राहिला. मजकूर ओढून निवडताना बाण भरकटतो आणि त्यावर या दोन्ही सोयींचा काही उपयोग नाही. त्यासाठी मी सरांना शिफ्ट आणि मग बाणाची कळ, अशी एकामागून एक दाबून मजकूर निवडायला शिकवले. प्रत्येक अक्षराला शिफ्ट पुन्हा दाबावी लागते, म्हणून लांब परिच्छेदाला ते कंटाळतात. एखादा शब्द बदलायचा असला की तेवढ्यावर भागते.