बारा नॅनोसेकंदांतलं तळघर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, म्हणजे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी जिथे कायमची बसली तिथे, जुन्या सरदारांचे काही वाडे अजून उभे आहेत. त्यातल्याच एका वाड्याच्या मागच्या चौकात जुनं जोतं शोधण्यासाठी उत्खनन होणार होतं. वरचा राडारोडा उचलायला जेसीबीही ठरला होता. त्याआधी खाली भिंती कुठे आणि पोकळी कुठे, हे रडारने पाहून देण्याचं काम माझ्याकडे आलं.

४०० मेगाहर्ट्झचा अँटेना जमिनीवरून ओढत नेला की तो खाली लहरी सोडतो आणि परत आलेले प्रतिध्वनी टिपतो. यंत्राला कळते ती फक्त वेळ, नॅनोसेकंदांत. खोली काढायची तर लहरीचा मातीतला वेग माहीत हवा. चौकाच्या दाराशी पाण्याचा जुना लोखंडी पाइप ४५ सेंटिमीटरवर उघडा पडला होता. त्याचा प्रतिध्वनी ९ नॅनोसेकंदांनी येत होता. जाऊन-येऊन ९० सेंटिमीटर, म्हणजे वेग नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर. कोरड्या मुरमाड मातीला तो साजेसाच होता.

मग दर २५ सेंटिमीटरवर दोरी लावून आधी उभ्या आणि मग आडव्या रेषा घेतल्या. दोन्ही दिशा लागतातच. भिंत आडवी ओलांडली की पडद्यावर उलट्या वाटीसारखी कमान उमटते आणि शेजारच्या रेषांतल्या कमानी ओळीने लागल्या की भिंत ओळखू येते. रेष भिंतीच्या लांबीने गेली तर नुसता सपाट पट्टा दिसतो, तो मातीचा थर समजून सोडून दिला जाण्याची भीती असते.

दुपारी माझा सहकारी एकदम म्हणाला, "सर, ही बघा पोकळी!" ४० नॅनोसेकंदांवर मोठी ठसठशीत कमान होती. मातीच्या वेगाने ती दोन मीटर खोल येत होती. पण तिचे हात फारच पसरट होते. कमानीच्या आकाराशी वेग जुळवून पाहिला तर तो नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर निघाला. हा हवेतला वेग. म्हणजे ती वस्तू जमिनीत नव्हतीच, सहा मीटरवर हवेत होती. टेपने मोजलं तर गच्चीकडे जाणाऱ्या लोखंडी जिन्याशी अंतर बरोबर जुळलं. अँटेनाला वरून कवच असलं तरी थोडी लहर बाहेर निसटतेच.

पूर्वेच्या बाजूला मात्र वेगळंच दिसलं. १८ नॅनोसेकंदांवर, म्हणजे ९० सेंटिमीटर खोलीवर, मध्यभागी किंचित उचललेला रुंद पट्टा होता आणि त्याच्या दोन्ही कडांना भिंतींच्या कमानी ओळीने चालल्या होत्या. मी तो पट्टा आणि दाराजवळचा पाइप शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. पाइपचा प्रतिध्वनी काळा-पांढरा-काळा होता, याचा पांढरा-काळा-पांढरा. लहर मातीतून धातूवर आपटली तर उलटी होऊन परतते, मातीतून हवेत शिरताना तशी उलटत नाही. म्हणजे त्या पट्ट्याखाली हवा असावी.

त्याच्याखाली, ३० नॅनोसेकंदांवर, आणखी एक पट्टा होता. मधलं अंतर १२ नॅनोसेकंद. सॉफ्टवेअरने सगळीकडे मातीचाच वेग धरला होता, त्यामुळे पडद्यावर ती फट ६० सेंटिमीटरची दिसत होती. जुनं गटार असेल असंच कोणालाही वाटावं. पण मध्ये हवा असेल तर हवेचा वेग धरायला हवा, आणि तो धरला की तेच १२ नॅनोसेकंद १ मीटर ८० सेंटिमीटर होतात. माणूस उभा राहील एवढं तळघर! मी पुनःपुन्हा आकडे तपासले, कारण याच जागेवरून उद्या सात-आठ टनांचा जेसीबी जाणार होता.

वाड्यातल्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या सासूबाई तिथे उखळ ठेवू देत नसत हो, का ते कधी सांगितलं नाही."

पुरातत्त्वाच्या मॅडमनी जेसीबी थांबवला. परवानगी घेऊन त्यांनी छताच्या विटांमधल्या सांध्यातून बोटभर भोक पाडलं आणि आत कॅमेरा सोडला. आत विटांची कमान होती, खाली कोरडी फरशी. लेझरने उंची मोजली, १ मीटर ७४. उत्खननाची जागा तळघराच्या भिंतीबाहेर, पश्चिमेला सरकवली आणि वरची माती हातानेच काढायचं ठरलं.

उत्तरेच्या कोपऱ्याबद्दल मात्र मी अहवालात काहीच खात्रीने लिहिलं नाही. तिथल्या नळाचं पाणी वर्षानुवर्षं मुरत होतं आणि माती चिकण. ओली चिकणमाती लहर गिळून टाकते, म्हणून १५ नॅनोसेकंदांच्या पुढे पडदा कोरा होता. कोऱ्या पडद्याचा अर्थ खाली काही नाही असा घेता येत नाही. नळ बंद करून उन्हाळ्याअखेर तो कोपरा पुन्हा पाहावा आणि तोवर तिथे खोदू नये, एवढंच लिहिलं, आणि नकाशावर तो भाग करड्या रंगाने वेगळा दाखवला.